पैसे घ्यायला सही लागतेच ना, मॅडम?

खातेउताऱ्यावर आधी दोन किरकोळ नोंदी दिसतात. पाच रुपये गेले, दहा रुपये आले, मध्ये फार तर दोन मिनिटांचं अंतर. त्यांच्याखाली एक मोठी रक्कम गेलेली असते आणि तिच्याखाली तिच्या दुप्पट. बँकेत यूपीआयच्या तक्रारींच्या टेबलावर बसायला लागल्यापासून हा नमुना इतक्या वेळा पाहिलाय की उतारा उघडताच मी विचारते, "काय विकायला काढलं होतं?" समोरचा माणूस दचकतो. त्याला वाटत असतं की बँक काहीतरी तांत्रिक विचारेल. आणि इथे ही बाई थेट घरातल्या दिवाणाबद्दल, फ्रिजबद्दल, मुलाच्या सायकलीबद्दल कसं विचारते?

2023 च्या पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या शाखेत आलेल्या एका काकांचा दिवाणच होता. सागवानी, खाली कप्पे असलेला. मुलगा पुण्यात स्थायिक झालेला, घरात दोघंच, दिवाणावर नुसते कपडे साठायचे. मुलाने सुट्टीत येऊन फोटो काढले आणि जुन्या वस्तूंच्या एका साईटवर साडेआठ हजारांना जाहिरात टाकून दिली. जाहिरात टाकून तासही झाला नसेल, तोच चॅटवर गिऱ्हाईक आलं. घासाघीस नाही, दिवाण बघायला येतो म्हणणं नाही. आपण लष्करात आहोत, बदली होऊन मिरजेला आलो आहोत, क्वार्टर्स मिळालेत पण सामान यायला वेळ लागेल, म्हणून दिवाण लगेच हवा. ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, सगळं न मागता पाठवलं. टेम्पो पाठवतो, पैसे आधी देतो. काका म्हणाले, आधी पैसे देतो म्हणणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा? मला ते पटलं. सगळी सावधगिरी आपण पैसे मागणाऱ्याविरुद्ध शिकलेलो असतो. देणाऱ्याविरुद्ध आपल्याकडे काहीच नसतं.

हे काका काही भोळेभाबडे नव्हते. एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून त्यांची हयात गेली होती. व्हाउचरला व्हाउचर जुळल्याशिवाय न उठणारा माणूस. त्यांनी सगळा प्रकार मला रोजकीर्द वाचून दाखवावी तसा सांगितला, वेळांसकट.

गिऱ्हाइकाने फोन केला आणि म्हणाला, एवढी रक्कम पाठवण्याआधी खातं बरोबर आहे का बघू. मी तुम्हाला पाच रुपयांचा कोड पाठवतो, तो स्कॅन करा, तुम्हाला दहा मिळतील. काकांनी कोड व्हॉट्सअॅपवर काकूंच्या फोनवर घेतला आणि स्वतःच्या फोनने स्कॅन केला. पडद्यावर पाच रुपये आले, पिन टाकला. मिनिटाभरात खरोखरच दहा रुपये जमा झाल्याचा संदेश आला. "बघा साहेब, आले ना?" आले होते.

मग साडेआठ हजारांचा कोड आला. चित्रावर वरती इंग्रजीत ठळक लिहिलेलं, `SCAN TO RECEIVE ₹8,500`. काकांनी स्कॅन केला, पिन टाकला, साडेआठ हजार गेले. फोन चालूच होता. काकांचा आवाज चढला तेव्हा पलीकडचा माणूस त्यांच्याहून जास्त अस्वस्थ झाला. "अरे, उलटी एंट्री पडली, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, आमच्या कॅशियर मॅडमशी बोलतो." दोन मिनिटं होल्डवर. मग म्हणाला, आता सतरा हजारांचा कोड पाठवतो, त्यात तुमचे गेलेले साडेआठ आणि दिवाणाचे साडेआठ, दोन्ही मिळून येतील. सतरा हजार गेले. तिसरा कोड साडेपंचवीस हजारांचा आला, पण तेवढ्यात काकूंनी फोन हिसकावून बंद केला. एकूण गेले पंचवीस हजार पाचशे पाच, आले दहा.

आता तो कोड म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींत लिहिलेला मजकूर. कॅमेरा तो वाचतो, बस्स. काकांनी जपून ठेवलेला सतरा हजारांचा कोड मी साध्या वाचक अॅपने उघडून त्यांना दाखवला होता. पत्ता बदलून लिहिते, पण मजकूर साधारण असा होता:

```
upi://pay?pa=xxxxx@bank&pn=Army%20Office&am=17000&cu=INR&tn=Refund
```

`upi://` नंतरचा पहिला शब्द `pay`. द्या. मग `pa`, म्हणजे कोणाच्या पत्त्यावर द्यायचे. `pn` म्हणजे त्या माणसाचं नाव, आणि हे कोड बनवणारा हवं ते लिहू शकतो. `am` म्हणजे रक्कम, `cu` म्हणजे चलन, `tn` म्हणजे शेरा. शेऱ्यातही हवं ते लिहिता येतं. तो फक्त शेरा आहे, चेकच्या मागे आपण पेन्सिलीने काहीतरी खरडतो तसा. कोडच्या भोवती रंगीत चौकट, लोगो, "स्कॅन करा आणि पैसे मिळवा" हे सगळं तर चित्राचा भाग. कॅमेरा ते वाचतसुद्धा नाही. वाचतो फक्त माणूस.

काकांनी विचारलं, "म्हणजे यात मला मिळावेत असं कुठे लिहिलेलं असतं?" कुठेच नसतं. या मजकुरात स्कॅन करणाऱ्याच्या खात्याला जागाच नाही. ज्याचा पत्ता कोडात, त्याला पैसे जातात. ज्याच्या हातात स्कॅन करणारा फोन, त्याच्या खात्यातून ते जातात. शनिवारच्या बाजारात भाजीवाली पाटीला कोड लावून बसते, ती दिवसभरात काही म्हणजे काही स्कॅन करत नाही. गिऱ्हाइकं स्कॅन करतात आणि तिच्याकडचा स्पीकर ओरडतो. दिवाण विकताना काका भाजीवालीच्या जागी होते. कोड दाखवायचा होता त्यांनी. पण गिऱ्हाइकाने त्यांच्या हाती कोड दिला आणि त्यांना नकळत गिऱ्हाईक करून टाकलं.

नुसत्या स्कॅनने मात्र एक पैसाही जात नाही, हेही सांगायला हवं. त्याची भीती बसलेले लोक हल्ली भेटतात. एक बाई मेडिकलच्या काउंटरवर कोड स्कॅन करायला घाबरत होत्या, "मोबाइल हॅक होतो" म्हणून. यूपीआय अॅपमधून कोड वाचला की पडद्यावर नाव आणि रक्कम येते, तिथून मागे फिरता येतं. पैसे जातात ते पिन टाकल्यावर. आपल्या पिननेच आपली बँक खात्यातून रक्कम काढते आणि एनपीसीआयच्या यंत्रणेतून समोरच्याच्या बँकेकडे धाडते. अलीकडे लहान रकमांना पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो, पण काम तेच: खातेदाराची संमती. पैसे येताना यातलं काहीही लागत नाही. फोन बंद असला तरी येतात. आपण झोपलेले असलो तरी येतात.

हे सांगून झालं, तेव्हा काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण मॅडम, पैसे घ्यायला सही लागतेच ना?"

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे. माणसं लोभामुळे फसतात असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दिवाण विकणाऱ्याला कसला लोभ? त्याची किंमत त्यानेच ठरवलेली आणि तेवढीच त्याला हवी होती. फसायचं कारण वेगळं आहे. काकांच्या पिढीला आयुष्यभर पैसे घेताना सही करावी लागली. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की फॉर्मवर सही. पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर आडवी सही. रोख रक्कम मिळाली की पावती आणि पावतीवर सही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अंगठा. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला. पतसंस्थेत तर या काकांनीच कित्येकांना "सही केल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत" म्हणून परत पाठवलं असेल. मग फोनने पिन मागितला, तर तो पैसे मिळाल्याच्या सहीसारखाच वाटणार. पलीकडचा माणूसही नेमकी तीच भाषा बोलतो. "पैसे पाठवा" असं तो कधीच म्हणत नाही. "पेमेंट अॅक्सेप्ट करा", "पिन टाकून कन्फर्म करा", "रिसीव्ह करून घ्या" हे त्याचे शब्द. व्हाउचरवर सही करणाऱ्या माणसाला ते ओळखीचे वाटतात.

आणि तो पिन विचारत नाही. उलट बजावतो. काकांना त्याने दोनदा सांगितलं होतं, "पिन मला सांगू नका हं, कुणालाच सांगू नका, बँकवाल्यांनासुद्धा नाही. स्वतःच टाका." आमच्या शाखेच्या काचेवर गेली कित्येक वर्षं पत्रक चिकटवलेलं आहे: ओटीपी, पिन, पासवर्ड कुणालाही सांगू नका. काकांनी ते अक्षरशः पाळलं. पिन कुणालाही सांगितला नाही. या फसवणुकीपुढे ते पत्रक निरुपयोगी आहे, उलट चोराच्या तोंडी गेल्यावर ते त्याच्यावरचा विश्वास वाढवतं. पत्रक चुकीचं नाही, पण ते दुसऱ्याच चोरीवरचं आहे. आता मी जाड पेनाने त्याखाली एक ओळ लिहून ठेवली आहे: पैसे येताना पिन लागत नाही. वरून येणाऱ्या पत्रकांवरही हे वाक्य असतं म्हणा, पण सहाव्या-सातव्या क्रमांकावर, बारीक अक्षरात.

पाच रुपयांच्या कोडाबद्दल सांगते, कारण मला तरी सगळ्यात हुशारीचा भाग तोच वाटतो. काकांचं म्हणणं होतं की पहिल्यांदा कोड चालला होता, मग दुसऱ्यांदा का बिघडला? मी उतारा त्यांच्यासमोर ठेवला. पाच रुपये एका पत्त्यावर गेले होते, एका बारा आकडी व्यवहार क्रमांकाने. दहा रुपये दुसऱ्याच खात्यातून आले होते, वेगळ्या क्रमांकाने. स्कॅनने दहा आले नव्हते. स्कॅनने पाच गेले, मग समोरच्याने हाताने, कुणीही कुणाला पाठवतो तसे, काकांच्या मोबाइल नंबरवर दहा पाठवले. कोडाचा त्या दहाशी काडीचा संबंध नाही. पण आधी स्कॅन, पिन, आणि मग पैसे आल्याचा संदेश, असा क्रम डोळ्यांसमोर घडला की त्यामागचं कारण मन स्वतःच जोडतं. पाच रुपये गेल्याचा संदेशही आलेलाच होता, पण दहा आल्यावर तो कोण वाचतं? पाच रुपयांत चोराने पुढच्या साडेआठ हजारांची तालीम करून घेतली.

काका हिशेबनीस. उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "दोन वेगळ्या नोंदी आहेत. मी तेव्हाच हा उतारा बघितला असता तर..." पण तेव्हा तो बघू दिला जात नाही. फोन स्पीकरवर, पलीकडचा एकसारखा बोलतोय, टेम्पो निघालाय, ड्रायव्हर रस्ता विचारतोय, साहेब वाट बघतायत. "फोन ठेवू नका, नाहीतर ट्रान्झॅक्शन तुटेल" हे तर ठरलेलं वाक्य. व्यवहार फोन ठेवल्याने तुटत नाही. तुटते ती त्याची पकड. बोलणं चालू असताना वर आलेला संदेश आपण बोटाने बाजूला सारतो, आणि पिनच्या पानावर कुणाला किती चाललेत ते लिहिलेलं असूनही नजर फक्त आकड्यांच्या चौकटींवर असते.

दुप्पट रकमेचा कोड का, असंही लोक विचारतात. एकदा पैसे गेले की माणसाला दिवाणाची फिकीर उरत नाही, गेलेले परत हवे असतात. चोर त्याला तेवढंच देऊ करतो. त्यासाठी आधी त्याच्यासारखाच घाबरतो, त्याच्या बाजूचा होतो. 2021 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीची अशीच फसवणूक झाली. तिने जुना सोफा विकायला काढला होता. आधी थोडी रक्कम खात्यात आली, मग कोड स्कॅन केल्यावर वीस हजार गेले, ते चुकून झालं असं सांगून दिलेल्या दुसऱ्या कोडात चौदा हजार गेले. शिकलेली मुलगी, देशाच्या राजधानीतलं घर, आणि पद्धत तीच. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मी हे मुद्दाम सांगते. लाजेने माणसं दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत आणि इथे खरा प्रश्न वेळेचा असतो.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले होते. 1930 वर फोन त्यांनी रात्रीच केला होता, तोही काकूंनी करायला लावला म्हणून. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक. तिथे खातं कोणत्या बँकेत, रक्कम, वेळ आणि तो बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतात. मग तक्रार यंत्रणेतून ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. ती बँक बघते, पैसे अजून खात्यात आहेत का. असतील तेवढे थांबवते, पुढे गेले असतील तर ज्या बँकेत गेले तिला कळवते. पैसे पुढे पुढे पळत असतात आणि तक्रार त्यांच्यामागे. cybercrime.gov.in वर सगळे तपशील आणि पुरावे जोडून पूर्ण तक्रारही करावी लागते.

लोक आधी बँकेत येतात आणि म्हणतात, "तुम्ही ते खातं बंद करा." दुसऱ्या बँकेतलं खातं मी कसं बंद करणार? मी आमच्या बाजूने तक्रार नोंदवते, गरज असेल तर त्यांची यूपीआय सेवा थांबवते, पण पैशामागे धावायची वाट 1930 चीच. म्हणून कुणी शाखेच्या दारातून रडत आलं तर पासबुक मागायच्या आधी मी म्हणते, आधी फोन लावा, मी बाजूला बसते.

काकांचे साडेआठ हजार तासाभरातच दोन खाती ओलांडून एटीएममधून रोख निघाले होते. सतरा हजारांपैकी अकरा हजार दोनशे तिसऱ्या एका खात्यात सापडले आणि थांबले. थांबले म्हणजे मिळाले नाहीत. न्यायालयाचा आदेश मिळवून ते परत काकांच्या खात्यात यायला बरेच महिने गेले. बाकीचे गेले ते गेले.

बँकेने भरून का दिले नाहीत, यावर काकांनी तावातावाने अर्ज दिला होता. त्याचं उत्तर मीच टाईप केलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक लागू होतं. ग्राहकाचा काही दोष नसताना, बाहेरच्या कुणीतरी शिरकाव करून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. काकांनी स्वतःच्या फोनवर स्वतःचा पिन टाकला होता. यंत्रणेच्या नजरेत तो व्यवहार निर्दोष होता. बरोबर खातं, बरोबर पिन, बरोबर पत्ता. फसला होता माणूस, आणि परिपत्रकात त्यासाठी "निष्काळजीपणा" या शब्दाशिवाय दुसरा शब्द नव्हता. उत्तर टाईप करताना मला तो खटकला. ज्या माणसाने पिन कुणालाही न सांगण्याची काळजी घेतली होती, त्याला मी निष्काळजी लिहीत होते. पण नियमात बसवायचं तर दुसरा शब्द घालता येत नव्हता.

उताऱ्यावर लष्करातल्या साहेबांऐवजी परराज्यातल्या कुणा बाईचं नाव होतं. काकांना वाटलं होतं, ही त्या साहेबांची कॅशियर. प्रत्यक्षात ती कुणी खातेदार असते, जिने खातं भाड्याने दिलेलं असतं किंवा जिच्या नावावर ते दुसऱ्यानेच उघडलेलं असतं. या खात्यांना म्यूल खाती म्हणतात. अशी खाती परराज्यातच असतात असं नाही. आमच्याच शाखेत एक मुलगा आला, कॉलेजात जाणारा, "मॅडम, माझं खातं का थांबवलं?" म्हणत. कुणा मित्राच्या मित्राने महिन्याला थोडे पैसे देतो सांगून त्याचं एटीएम कार्ड आणि सिम घेतलं होतं. कुठल्या तरी राज्यातल्या दिवाणाचे किंवा फ्रिजचे पैसे त्याच्या खात्यातून गेले होते. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि पोलिसांची नोटीस मात्र त्याच्याच नावावर येणार होती.

हे नावाचं प्रकरण 2025 मध्ये थोडं सुधारलं. त्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत सगळ्या यूपीआय अॅपना बँकेच्या नोंदीतलं खातेदाराचं नाव दाखवायला एनपीसीआयने भाग पाडलं. त्यामुळे कोडात `pn` पुढे "Army Office" लिहिलं तरी पैसे देण्याआधी पडद्यावर खरं नाव येतं. हा चांगला बदल आहे, पण त्याचा उपयोग नाव वाचणाऱ्यालाच. आणि नाव आलं तरी ते म्यूल खातेदाराचं, म्हणून कॅशियर मॅडमची गोष्ट तयारच असते. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची सोय, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्ट, बंद झाली. चोर आधी तीही वापरायचे. "रिक्वेस्ट आलीय, अॅक्सेप्ट करा" हा त्यांचा आवडता मार्ग. ती बंद झाल्यावर आमच्याकडे काही जण म्हणाले, चला, आता हा प्रकार संपला. कसा संपेल? कलेक्ट रिक्वेस्ट ही वेगळी सोय होती, म्हणून ती बंद करता आली. चोराने पाठवलेला कोड आणि भाजीवालीच्या पाटीवरचा कोड यात यंत्रणेला काही फरकच दिसत नाही. दोन्हींत आपण स्वतः कुणाला तरी पैसे देत असतो. एक बंद करायचा तर दुसराही बंद होईल. फरक असतो तो फक्त आधीच्या बोलण्यात, आणि बोलणं बँकेपर्यंत पोचत नाही.

म्हणून मी लोकांना उलटी परीक्षा घ्यायला सांगते. गेल्या हिवाळ्यात एक मावशी काउंटरवर आल्या, फोन कानाला लावूनच. कपाट विकायला काढलेलं, गिऱ्हाईक लाइनवर, आणि पडद्यावर दोन रुपयांचा कोड. "याचे चार मिळतात म्हणतोय, करू का?" मी म्हटलं, त्याला म्हणा, मी माझा कोड पाठवते, तुम्ही स्कॅन करा. त्यांनी अॅपमधला स्वतःचा कोड त्याला पाठवला. ज्याला खरंच पैसे द्यायचे आहेत त्याला यात काहीच अडचण नसते, तो रोज चहावाल्याकडे हेच करत असतो.

पलीकडे क्षणभर थांबलं. मग, आमचं मर्चंट खातं आहे, त्यातून असं जात नाही. मी खुणेने सांगितलं, मोबाइल नंबरवर पाठवा म्हणा. तसंही जमत नव्हतं, आर्मीचा नियम होता. मग खाते क्रमांक आणि आयएफएससी देते म्हणाल्या, त्यावर पाठवा. त्याला सुट्टीच्या दिवशी पैसे जात नाहीत, असं उत्तर आलं. दिवस मंगळवार होता आणि आमची शाखा भरलेली होती. मावशी हसल्या, "अहो, मी बँकेतच उभी आहे," म्हणाल्या. फोन कट झाला, पाठोपाठ चॅटवरून त्याचा फोटोही गेला.

"आता माझे पैसे गेले नाहीत, मग तक्रार कशाची करायची?" मावशींनी विचारलं. पैसे गेलेले नसले तरी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर चक्षू नावाची सोय आहे, तिथे असा संशयास्पद नंबर कळवता येतो. त्यांच्या फोनवर ते पान उघडून दिलं. नंबर, वेळ, चॅटचा स्क्रीनशॉट. वर्णनाच्या चौकटीत काय लिहू म्हणाल्या. मी म्हटलं, जे घडलं ते लिहा. त्यांनी लिहिलं, गिऱ्हाईक म्हणून आला आणि मलाच पैसे द्यायला लावत होता. मग रांगेत जाऊन पासबुक भरून घेतलं, आणि कपाट शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याला रोखीत विकते असं सांगून गेल्या.